डबा कोणत्या भिंतीचा?

रंगकामाच्या कंत्राटदाराच्या जुन्या गोदामात रंग फारसा नसेच. असायचं ते बहुतेक सगळं पांढरं. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आमच्या अप्पांच्या दोन खोल्या होत्या. एका बाजूला फळ्यांवर चुन्याच्या कळीची पोती, शेजारी खडूच्या भुकटीची पोती, कोरड्या डिस्टेंपरची पाकिटं, सरसाच्या वड्या, स्नोसेमचे डबे. दुसऱ्या खोलीत अळशीच्या तेलाचं पिंप, टर्पेंटाइन, पांढऱ्या ऑइलपेंटचे डबे आणि दारं-खिडक्यांच्या लांबीसाठी लागणारं सामान. कपाटातल्या एका फळीवर पिवडी, गेरू, नीळ, काजळी आणि स्टेनरच्या काही बाटल्या. पाच-सहा साइटवर चाललेल्या कामाचा रंग म्हणावा तो एवढ्या एका फळीवर मावायचा.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. घरमालक शेड सांगायचा ती शब्दांत: बदामी, मोतिया, पिस्ता, आकाशी. शेडकार्ड असायचं, पण त्यावर मोजक्याच चौकटी, आणि डिस्टेंपरच्या कामात त्याचाही आधार कमीच. शेड साइटवर तयार व्हायची. मिस्त्री पांढऱ्या मालाचा एक मोठा घाणा भिजवायचा, पिवडी वेगळ्या वाटीत कालवून फडक्यातून गाळायची आणि थोडी थोडी सोडत ढवळत राहायचा. मग एका विटेच्या तुकड्यावर ब्रश ओढून तो तुकडा उन्हात ठेवायचा. चुना काय किंवा डिस्टेंपर काय, ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की बराच उजळतो. ओल्यावर विश्वास ठेवून पिवडी कमी टाकली तर वाळल्यावर भिंत पांढरीच दिसायची. जाणता मिस्त्री बादलीतला रंग मालकाला दाखवायचाच नाही, वाळलेली वीट दाखवायचा. आजच्या इमल्शनचं नेमकं उलटं आहे. ओलं असताना ते दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. जुन्या हाताचे काही कारागीर इमल्शनवर आले तेव्हा पहिली काही वर्षं त्यांचा अंदाज सतत चुकत होता, तो यामुळे.

अप्पांची साठ्याची वही सोपी होती, कारण साठाच सोपा होता. पोत्यातला चुना कोथरूडला जायचा की शनिवार पेठेत, याने त्याला काही फरक पडत नव्हता. एका साइटवर खडू उरला तर सायकलच्या कॅरिअरवर बांधून दुसरीकडे पाठवला की झालं. साइटवरून मिस्त्रीची चिठ्ठी यायची, ‘डिस्टेंपर 10 किलो, सरस 1 किलो, पॉलिश पेपर 2 डझन’ अशी. अप्पा काम ब्रासमध्ये मोजत, शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, आणि किती ब्रासला किती माल हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. ऑइलपेंटला मात्र नियम कडक होता. रिकामा डबा परत आणल्याशिवाय भरलेला मिळायचा नाही. रिकाम्या डब्यालाही तेव्हा किंमत होती. साइटवर पाणी भरायला, वाड्यात तुळस लावायला, कुणाच्या घरी धान्य ठेवायला तो लागायचाच. त्यामुळे डबे परस्पर नाहीसे व्हायचे. परत आलेले डबे मोजून किती ऑइलपेंट खरोखर भिंतीवर गेला हे अप्पांना कळायचं, आणि दिवाळीच्या धामधुमीत डबे कमी आले की कोणत्या साइटवर बघायला हवं तेही कळायचं.

कळीच्या चुन्याची काळजी वेगळीच. पावसाळ्यात तो उघडा राहिला तर हवेतला ओलावा खेचून आपोआप फुटतो, पीठ होतो आणि पुढे निकामी होतो. म्हणून पाऊस लागायच्या आत अप्पा उरलेली सगळी कळी हौदात विरवून टाकत. पाण्याखाली राहिलेला निवळ चुना महिनोन्‌महिने चांगला राहतो, उलट मुरतो. स्नोसेमचा डबा एकदा उघडला की ओलाव्याने खडा धरायचा, आणि पाण्यात कालवलेला माल तर तासाभरात संपवावाच लागायचा. त्यामुळे उरलेला स्नोसेम हा प्रकार गोदामात नव्हता. उरायचा तो फक्त ऑइलपेंट. त्यावर साय धरते. ती धरू नये म्हणून मिस्त्री उरलेला रंग लहान डब्यात ओतायचा, वरून टर्पेंटाइनचा पातळ थर सोडायचा आणि झाकण ठोकून बसवायचा. सहा-सात असे डबे साठले की सगळे एकत्र ओतून जो करडा-तपकिरी रंग व्हायचा तो खिडक्यांच्या गजांच्या मागच्या बाजूला, टाकीच्या शिडीला, साइटच्या पत्र्याच्या खोलीला लागायचा. आमच्याकडे त्याला ‘मिसळ’ म्हणत. वहीत मिसळीची नोंद नसे.

या सगळ्याबद्दल हळवं व्हायला मला आवडतं, पण त्यातलं खोटं मी जाणतो. ती शेड पुन्हा मिळायची नाही. हॉलच्या एका भिंतीला नळाची ओल आली आणि चार फुटांचा तुकडा पुन्हा रंगवायचा झाला, की मिस्त्रीने कितीही जीव तोडून पिवडी कालवली तरी तुकडा तुकडाच दिसायचा. शेवटी अख्खी खोली पुन्हा करावी लागायची, आणि त्या खर्चावरून घरमालक आणि अप्पा यांच्यात महिनाभर कुरबूर चालायची. शेड मिस्त्रीच्या हातात होती. तो मिस्त्री गावी गेला की शेडही गेली.

दुकानात शेड मिसळण्याची मशीनं आली आणि हे सगळं उलटं झालं. पुण्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती दिसायला लागली आणि पुढच्या दहा वर्षांत बऱ्याच दुकानांत पोचली. आता दुकानात रंग नसतो, बेस असतो. फिकट शेडसाठी पांढरा बेस, गडद शेडसाठी ज्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं असा बेस. शुभ्र सोडून बाकीच्या बेसचा डबा कंपनीतूनच थोडा उणा येतो, वरून रंगद्रव्य सोडायला जागा हवी म्हणून. दुकानदार शेडचा नंबर टाकतो, मशीन ठरलेल्या मात्रेत रंगद्रव्यं सोडतं, मग डबा हलवला जातो आणि झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली जाते. त्या चिठ्ठीवर नंबर, कोणत्या प्रकारचा रंग, कोणता बेस, तारीख असं सगळं. शेड आता मिस्त्रीच्या हातातून त्या चिठ्ठीवर गेली. दहा वर्षांनी तोच नंबर सांगितला तर जवळजवळ तीच शेड मिळते. एका घराला हजारांहून जास्त शेडमधून निवड करता येते. अप्पांच्या हयातीत मशीन आलं तेव्हा ते दुकानात खुर्ची टाकून बसले होते आणि एकाच शेडचे दोन डबे दोन वेगळ्या दिवशी काढून घेऊन पुठ्ठ्यावर ओढून बघितले होते. फरक दिसला नाही. ‘आता आपली गरजच काय,’ असं काहीसं ते म्हणाले आणि चहा मागवला.

गरज मात्र वाढली, पण वेगळ्या कामासाठी. मशीनच्या आधी आमच्या गोदामातला जवळजवळ सगळा माल कोणत्याही भिंतीचा होता. आज गोदामातला जवळजवळ प्रत्येक उघडा डबा एकाच कुठल्या तरी भिंतीचा आहे आणि दुसऱ्या कुठल्याच भिंतीला चालत नाही. धाकटा भाऊ आणि मी आता हा व्यवसाय बघतो. एका वेळी चार-पाच साइट. वारज्याच्या गोदामात रॅक भरून डबे आहेत, आणि सवयीने आम्हीही बरीच वर्षं त्यांची नोंद अप्पांच्या वहीसारखीच ठेवत आलो: ऑफ व्हाइट इतके लिटर, क्रीम इतके लिटर.

डबे का उरतात, हे आधी बघायला हवं, कारण पुष्कळ घरमालकांना वाटतं कंत्राटदार मुद्दाम जास्त आणतो. पुट्टी आणि प्रायमर नीट झालेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण 65 चौरस फूट जातं, असं आम्ही धरतो. समजा हॉलमधली एक भिंत गडद लाल हवी आहे, बारा बाय दहा, म्हणजे 120 चौरस फूट. दोन हातांना पावणेदोन-दोन लिटर पुरायला हवा. पण गडद लालाचा बेस झाकत नाही, खालचं पांढरं डोकावतं, आणि तिसरा हात मारावाच लागतो. म्हणजे जवळजवळ 2.8 लिटर. एक लिटरचे तीन डबे घेतले तर काम भागतं, पण चार लिटरच्या डब्यात लिटरमागचा दर कमी पडतो आणि एखादी जागा पुन्हा करावी लागली तर मध्येच दुकानात पळावं लागत नाही. म्हणून चार लिटरचा घेतला जातो, आणि सव्वा लिटर गडद लाल उरतो. तो कुठे लावणार? दुसऱ्या कुणाला लाल भिंत हवी झाली तर तिच्या प्रायमरला झाक द्यायला त्यातला थोडा उपयोगी पडतो. प्रायमर गुलाबीसर असला की लाल तिसऱ्या हाताऐवजी दुसऱ्यातच बसतो. पण अशा भिंती रोज होत नाहीत.

दुसरं कारण टोकन. रंगाच्या डब्यात कारागिरासाठी बक्षिसाचं टोकन ठेवायची पद्धत या धंद्यात बरीच वर्षं होती, आता झाकणाखाली क्यूआर कोड असतो आणि तो फोनने स्कॅन करायचा. कल्पना कंपनीच्या सोयीची. कारागीर तोच ब्रँड सुचवत राहतो. पण त्यामुळे नवा डबा उघडण्यात कारागिराला पैसे मिळतात आणि अर्धा डबा संपवण्यात काही मिळत नाही. दुपारी अर्धा डबा कोपऱ्यात असताना संध्याकाळी दुसरा फोडला जातो, यात कुणाला लबाडी वाटत नाही. अप्पांचा रिकाम्या डब्याचा नियम आम्ही याच कारणाने पुन्हा आणला. साइटवर तीच शेड उघडी असेल तर तिचा डबा रिकामा होऊन, पाण्याने विसळून त्या विसळणीचा भिंतीवर वापर होईपर्यंत पुढचा डबा निघत नाही. स्कॅन केलेले पैसे कारागिराचेच. त्यात आम्ही हात घालत नाही.

मागच्या वर्षी वारज्याच्या एका फ्लॅटचं काम सुरू होत होतं. दोन बेडरूम साडेपाच ब्रास आणि पॅसेज साडेतीन ब्रास, असं एकूण नऊ ब्रास ऑफ व्हाइट, दोन हात. 65 ने भागलं की जवळजवळ 14 लिटर. गोदाम बघणाऱ्या मुलाने फोनवरची शीट उघडली आणि म्हणाला, ‘दादा, घ्यायचं कशाला? ऑफ व्हाइट 16 लिटर पडलाय.’ शीट खरी होती. डबे काढून ओळीत लावायला सांगितले तेव्हा हे 16 लिटर तीन ठिकाणांहून आल्याचं दिसलं. बाणेरच्या ऑफिसातून 9 लिटर, नंबर तोच जो वारज्याला हवा होता, मॅट फिनिश, हात न लागलेला. कोथरूडच्या बंगल्यातून 4 लिटर, नंबरही तोच, पण चकाकीचा, साटिन. सिंहगड रोडवरून 3 लिटर, नंबर तोच आणि मॅटही, पण रोलरसाठी त्यात पाणी घातलेलं.

तिन्ही चिठ्ठ्यांवर नंबर एक होता, आणि तरी हे तीन वेगळे माल होते. मॅट आणि साटिन एका भिंतीवर आले की शेड तंतोतंत जुळते आणि तरीही खिडकीच्या बाजूने बघितलं की पट्टा चमकतो, कारण उजेड वेगळा परततो. अशा भिंतीकडे घरमालक समोरून बघून काही बोलत नाही. पडदा सरकवला की बोलतो. पाणी घातलेल्या रंगात त्याच्या मूळच्या टिकाऊपणाची हमी राहत नाही. डबा उघडल्यावर आंबट, नासल्यासारखा वास आला की समजायचं की रंग कुजला. तो भिंतीला लावला तर तो वास खोलीत बराच काळ राहतो.

म्हणजे खऱ्या अर्थाने हातात होते 9 लिटर. उरलेले पाच नवे घेऊन जुन्यात मिसळून टाकावेत, हा एक मार्ग. एकाच भिंतीला दोन बॅचचे डबे लागणार असतील तर सगळे मोठ्या पिंपात एकत्र करूनच सुरुवात करायची, हा कारागिरांचा जुना रिवाज आहे आणि तो मशीनच्या काळातही मोडू नये. मशीन अचूक असलं तरी बेसची बॅच बदलते, एखादी नळी किंचित कमी सोडते. पण इथे दुसरी सोय होती. साडेपाच ब्रासच्या बेडरूमना 8.5 लिटर लागतो, म्हणजे बाणेरच्या 9 मध्ये त्या पुऱ्या होतात आणि अर्धा लिटर उरतो. पॅसेजच्या साडेतीन ब्रासला 5.4 लिटर हवा. त्यासाठी चार लिटरचा एक आणि एक लिटरचे दोन डबे नवे आणले. जुन्या आणि नव्या बॅचमध्ये फरक असलाच तर तो दरवाजाच्या चौकटीत पडणार, जिथे दोन भिंती एकमेकींना दिसत नाहीत. साटिनचे 4 लिटर त्याच फ्लॅटच्या स्वयंपाकघरात टाइलच्या वरच्या भिंतीला लागले. तिथे चकाकीच हवी, फोडणीचा तेलकटपणा पुसता येतो. पाणी घातलेला 3 लिटर वास घेऊन तपासला आणि त्याच आठवड्यात माळ्याच्या आतून पहिला हात म्हणून संपवला.

त्यानंतर शीटमधली ‘ऑफ व्हाइट’ नावाची ओळ आम्ही काढून टाकली. आता एका डब्याला एक ओळ. झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो, साइट आणि भिंत, फिनिश, डबा उघडल्याची तारीख, पाणी घातलं की नाही. झाकणं अदलाबदल होतात म्हणून तोच नंबर डब्याच्या अंगावरही मार्करने. लिटर अंदाजाने लिहायचे नाहीत. डबा काट्यावर ठेवायचा, त्याच मापाच्या रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं, आणि त्या रंगाचा एक लिटर किती किलो भरतो त्याने भागायचं. एक लिटर इमल्शन एक किलोपेक्षा बरंच जड असतं, म्हणून किलोलाच लिटर समजलं तर साठा नेहमी फुगलेला दिसतो. अप्पा पिंपात खाचा पाडलेली काठी घालून तेल मोजत. त्यांच्या काठीत आणि आमच्या काट्यात मला तरी फारसा फरक वाटत नाही.

पाणी घातलेल्या डब्याला लाल फीत लावतो, आणि तो चार-पाच दिवसांत कुठे लागला नाही तर ठेवत नाही. गटारात ओतायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. त्यात भुसा किंवा वाळू कालवून घट्ट करायचा आणि मगच टाकायचा. भंगारवाला पूर्ण वाळलेला रिकामा डबाच घेतो.

गोदामाच्या सगळ्यात मागच्या रॅकवर जुने ऑइलपेंटचे डबे निघाले, अप्पांच्या काळातल्या सवयीने छोट्या डब्यांत ओतून ठेवलेले. काही उघडले तर साय काढल्यावर खालचा रंग अजून वापरता येईल असा होता. भावाला ते एका जिन्याच्या कठड्याला वापरायचे होते. पण घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपर्यंतच ठेवायचा केंद्राचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, आणि हे डबे त्याच्या बरेच आधीचे होते. त्यांवर तारीखच नव्हती. कठड्याला लहान मुलं हात लावतात, दात लावतात. ‘मिसळ’ म्हणून आम्ही जी शिडीला लावत होतो तिच्यात काय काय होतं, हे तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं. डबे बाजूला काढले.

काम संपलं की प्रत्येक शेडचा अर्धा-एक लिटर आम्ही आता घरमालकाच्या हातात देतो, छोट्या डब्यात काठोकाठ भरून, म्हणजे आत हवा कमी राहते. वर भिंतीचं नाव आणि मशीनच्या चिठ्ठीची प्रत. बहुतेक जण म्हणतात, ‘तुमच्याकडेच राहू दे, आमच्याकडे जागा नाही.’ आम्ही ठेवत नाही. वारज्याच्या फ्लॅटमधले ते दोन डबेही, बेडरूमचा अर्धा लिटर आणि पॅसेजचा त्याहून थोडा जास्त, गृहिणीने कुरकुरत घेतले आणि माळ्यावर टाकले. पॅसेजच्या डब्यावर ‘पॅसेज, नवी बॅच’ असं ठळक लिहिलेलं आहे, कारण बेडरूमच्या भिंतीला तो लावला तर जुळेलच असं नाही.